माफी वजा, माहिती जमा

‘सर, सॉरी, डिस्टर्ब करतेय. तुम्ही बिझी असाल माहितीये. मला नक्की सांगता येणार नाही, कदाचित माझंच चुकत असेल, पण काल सेकंड शिफ्टला झालेल्या बुशच्या लॉटमध्ये एक-दोन पीसचं बोअर जरा मोठं आल्यासारखं वाटतंय. म्हणजे फार नाहीये. जमलं तर एकदा बघाल का? नाहीतर राहू दे, तसं अर्जंट काही नाही. परत एकदा सॉरी.’

चाकण, भोसरी किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात क्वालिटी विभागात नव्याने लागलेली मुलगी आपल्या मॅनेजरला असा मेसेज पाठवू शकते. इथे तो नमुना म्हणून रचला आहे, पण त्यातलं एकेक वाक्य कार्यालयांत रोज लिहिलं जातं. वेळ सकाळी सव्वाअकराची. मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. ते टेबलाखाली मोबाइल धरून मेसेजवर नजर फिरवतात. त्यातलं ‘अर्जंट काही नाही’ तेवढं त्यांच्या लक्षात राहतं आणि मोबाइल खिशात जातो. या लॉटची गाडी चार वाजता निघणार आहे, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

या मुलीने काम चोख केलं आहे. लॉटमधले १० पीस तिने मोजले. ड्रॉइंगप्रमाणे बोअर २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान हवं. ३ पीस २०.०२४ ते २०.०२७ भरले. म्हणजे ‘एक-दोन’ नव्हे, तीन. आणि ‘जरा मोठं’ नव्हे, मर्यादेबाहेर. संकोचामुळे नुसता सूर खाली आला असं नाही, आकडेही लहान झाले. अशा मेसेजचा खरा तोटा हा असतो. वरिष्ठांना तो नम्र वाटतो की बावळट, हा पुढचा प्रश्न. मुळात त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती पोहोचते.

याची सर्वांत भारी किंमत विमानवाहतुकीने मोजली आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये जोरदार बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाच्या ९० क्रमांकाच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली. इंजिनाच्या संवेदकात बर्फ अडकल्यामुळे इंजिनाचा जोर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत होता. सहवैमानिकाला आकड्यांचा मेळ लागेना. ‘हे बरोबर दिसत नाही’ अशा अर्थाचं तो एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बोलला. ‘बरोबर आहे’, असं कॅप्टनने सांगितलं. त्यानंतर सहवैमानिकाचा सूर उतरला आणि ‘असेलही कदाचित’, ‘काय माहीत’ इथवर आला. ‘उड्डाण थांबवा’ हे शब्द कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात नाहीत. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने लक्ष वेधूनही कॅप्टनने उड्डाण रद्द केलं नाही, हे चौकशीत अपघाताच्या कारणांमध्ये नोंदवलं गेलं.

अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने वरिष्ठाशी कसं बोलावं, हा एक वेगळा धडा झाला. त्याची साधारण मांडणी अशी: आधी समोरच्याला नावाने किंवा हुद्द्याने हाक मारायची, मग काळजी कशाची आहे ते सांगायचं, काय दिसतं आहे ते सांगायचं, काय करावं ते सुचवायचं आणि शेवटी त्यावर होकार-नकार मागायचा. यात आवाज चढवणं कुठेच नाही. शेवटचा निर्णय कॅप्टनचाच राहतो, फक्त तो त्याला पुरत्या माहितीवर घेता येतो.

हीच मांडणी बुशच्या मेसेजला लावून पाहू. सुरुवात माफीपासून. प्रत्येक ‘सॉरी’पुढे एकच प्रश्न ठेवायचा: चूक नेमकी कोणती झाली? पीस मोजणं आणि कळवणं हे तर या मुलीचं कामच. त्यामुळे दोन्ही ‘सॉरी’ जातात. त्यांच्याबरोबर ‘तुम्ही बिझी असाल’ही जातं.

खरा कस लागतो तो ‘नक्की सांगता येणार नाही’, ‘कदाचित’, ‘वाटतंय’ या शब्दांपाशी. ते सरसकट खोडले की मेसेज ठाम होतो, असा अनेकांचा समज असतो आणि तिथेच गफलत होते. या शब्दांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे वरिष्ठ काय म्हणतील याची धास्ती. दुसरी म्हणजे खरोखर न कळलेली बाब. धास्ती काढून टाकायची. न कळलेली बाब मात्र ठेवायची, आणि पहिल्यापेक्षा जास्त नेमकी करून ठेवायची. ‘नक्की का नाही?’ असं या मुलीला विचारलं, तर ती सांगेल की ज्या बोअर गेजने मोजलं तो आज मास्टर रिंगवर लावून पाहिलेला नाही. म्हणजे गेजच चुकीचं दाखवत असण्याची शक्यता आहे. ही शंका रास्त आहे. पण मूळ मेसेजमध्ये ती ‘माझंच चुकत असेल’ या शब्दांआड दडली आहे. त्यामुळे तपासायचं काय, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

आता मागणी. ‘जमलं तर एकदा बघाल का’ यावर मॅनेजरने नक्की काय करायचं? लॉट बघायचा, गेज बघायचा की रिपोर्ट? या मुलीला हवं आहे ते एवढंच की शंका फिटेपर्यंत लॉट गाडीत चढू नये. तेच लिहायचं, वेळेसकट. सुधारलेला मेसेज असा होतो:

‘सर, काल सेकंड शिफ्टच्या बुशच्या लॉटमध्ये बोअर मर्यादेबाहेर दिसतं आहे. १० पीस मोजले, त्यातले ३ पीस २०.०२४ ते २०.०२७ भरले. ड्रॉइंगला कमाल २०.०२१ आहे. गेज अजून मास्टर रिंगवर तपासलेला नाही. तो तपासून १२ वाजेपर्यंत कळवते. तोपर्यंत पूर्ण लॉट होल्डवर ठेवू का? गाडी ४ वाजता निघणार आहे.’

‘सर’ जागेवर आहे. हुकूम एकही नाही, ‘ठेवू का?’ असं विचारून निर्णय मॅनेजरकडेच सोपवला आहे. ‘दिसतं आहे’ हेही मुद्दाम ठेवलं आहे, कारण गेज तपासेपर्यंत तेवढंच म्हणता येतं. पण आता त्यामागचं कारण दोन वाक्यांनंतर स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे ‘सर’, ‘मॅडम’, ‘आपण’ आणि ‘कराल का’ यांतून आदर पुरेपूर पोहोचतो. तो दाखवण्यासाठी स्वतःला कमी लेखायची गरज उरत नाही.

ठामपणाच्या भरात दुसऱ्या टोकाला जाणंही सोपं असतं. ‘सर, लॉट रिजेक्ट आहे. डिस्पॅच थांबवा.’ हे धीट वाटतं, पण यात दोन दोष आहेत. १० पीस मोजून आणि गेज न तपासता अख्खा लॉट रिजेक्ट आहे असं म्हणता येत नाही. आणि डिस्पॅच थांबवण्याचा अधिकार लिहिणारीचा नाही. उद्या गेजच चुकीचा निघाला, तर तिच्या पुढच्या मेसेजकडे लोक शंकेने बघतील. पहिल्या सुधारित मेसेजला हा धोका नाही. समजा, गेज २ मायक्रॉन जास्त दाखवत होता. मग बारा वाजताचा मेसेज एवढाच: ‘सर, गेज ०.००२ जास्त दाखवत होता. तेवढं वजा करूनही तिन्ही पीस २०.०२१ च्या वर आहेत. लॉट होल्डवर आहे. पूर्ण लॉट तपासायला घेऊ का?’ आधी शंका मोकळेपणाने सांगितली होती, म्हणून दुरुस्ती करताना पुन्हा माफी मागावी लागली नाही.

चूक खरोखर झालेली असेल तेव्हा माफी हवीच. पण तीही एकदाच, नेमक्या चुकीबद्दल आणि पुढच्या तजविजीसह. ‘सॉरी सर, खरंच खूप सॉरी, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास झाला, परत असं होणार नाही’ यात रिपोर्ट कधी मिळणार, हेच नाही. त्याऐवजी: ‘सर, सोमवारचा स्क्रॅप रिपोर्ट काल पाठवायचा माझ्याकडून राहिला, त्याबद्दल दिलगीर आहे. सोबत जोडला आहे. यापुढे शिफ्ट संपण्याआधीच पाठवीन.’

इतकी चाचरणारी भाषा येते कुठून? अमेरिकेत रॉबिन लॅकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली तिचा संबंध स्त्रियांच्या बोलण्याशी जोडला होता. पुढे विल्यम ओबार आणि बोमन ॲटकिन्स यांनी न्यायालयातल्या साक्षी तपासल्या. तिथे असं दिसलं की हे प्रकार सगळ्या स्त्रियांच्या बोलण्यात सारखे नसतात आणि काही पुरुष साक्षीदारांच्या बोलण्यातही भरपूर असतात. ज्याचं समाजातलं स्थान खालचं किंवा ज्याला त्या जागेचा अनुभव कमी, तो असं बोलतो. ओबार यांच्याच गटाने आणखी एक प्रयोग केला. एकच साक्ष त्यांनी चाचरत्या आणि सरळ अशा दोन प्रकारच्या भाषेत लोकांपुढे ठेवली. मजकूर तोच असूनही सरळ भाषेतला साक्षीदार लोकांना अधिक विश्वासार्ह वाटला.

भाषा हुद्द्यातून येत असेल, तर ती सुधारणं एकट्या ज्युनियरच्या हाती राहत नाही. टीम लीडने कच्चा मेसेज हातात घेऊन परस्पर ‘कदाचित’ खोडणं धोक्याचंच, कारण त्यातलं कुठलं ‘कदाचित’ खरं आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्याने लिहिणारीला विचारायला हवं: काय मोजलंस, काय अजून माहीत नाही, तुला काय हवंय, केव्हापर्यंत? उत्तरं बहुधा तिच्या तोंडून सरळ वाक्यांत येतात. ती आहेत त्याच क्रमाने लिहिली की मेसेज तयार होतो.

मेसेज मिळाल्यावर वरिष्ठ काय लिहितात, त्यावर पुढचं पुष्कळ ठरतं. बारा वाजता गेजच बिघडलेला आणि पीस सगळे ठीक असं निघालं, आणि उत्तर आलं ‘उगाच लॉट अडवलास’, तर पुढच्या वेळी ‘माझंच चुकत असेल’ हमखास परत येईल. ‘ठीक. गेज कॅलिब्रेशनला पाठव, लॉट सोड’ एवढं उत्तर पुरेसं आहे. त्यात शाबासकीही नाही आणि रागही नाही. पण गेज तपासून कळवणं हे इथे नेहमीचं काम आहे, हे ते वाचणाऱ्या मुलीला समजतं.