सात दिवस की तीस?

1993-94 साली देशातले 36 टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. 1999-2000 मध्ये ते 26 टक्क्यांवर आले, असं नियोजन आयोगाने जाहीर केलं आणि अर्थतज्ज्ञांमध्ये जुंपली. गरिबी खरोखर एवढी हटली होती, की विचारण्याची पद्धत बदलली म्हणून तसं दिसत होतं?

हे आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीतून येतात. घरोघरी जाऊन तेल, डाळ, भाजी किती लागली ते एकेका वस्तूगणिक विचारलं जातं. वर्षानुवर्षं प्रश्न ठरलेला होता : गेल्या 30 दिवसांत किती? पण महिनाभराचं सगळं कुणाला आठवतं, असा आक्षेप होता. म्हणून 1994 ते 1998 दरम्यानच्या छोट्या फेऱ्यांत प्रयोग झाला. निम्म्या घरांना जुनाच प्रश्न, उरलेल्यांना खाण्यापिण्याबद्दल 7 दिवसांचा. माणसं तशीच, वर्ष तेच. तरी 7 दिवसांच्या घरांत अन्नावरचा खर्च सुमारे 30 टक्क्यांनी जास्त भरला. तेवढ्यानेच गरिबांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर येत होता.

प्रश्न बदलायचाच असेल, तर हीच रीत योग्य. दोन्ही प्रश्न एकाच वेळी, पण वेगवेगळ्या घरांना. 1999-2000 मध्ये नेमकं हेच सुटलं. दोन्ही प्रश्न एकाच घराला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले.

समजा, एका बाईंनी आठवड्याला अर्धा लिटर तेल लागल्याचं सांगितलं. नुसतं महिन्याचं विचारलं असतं, तर त्या आठवून दीड लिटर म्हणाल्या असत्या. पण आत्ताच अर्धा लिटर सांगितलंय, मग चार आठवड्यांचे दोन लिटर! विचारणाऱ्यालाही रकाने जुळलेले बरे वाटतात. अशाने 30 दिवसांचा प्रश्न नावापुरताच जुना उरला. आधीच्या प्रयोगात एवढे लांब असलेले दोन आकडे या फेरीत एकमेकांच्या अगदी जवळ आले, तिथेच शंका घ्यायला जागा होती.

अँगस डीटन यांनी यातून वाट काढली. इंधन, किरकोळ औषधपाणी अशा काही वस्तूंचा प्रश्न दोन्ही फेऱ्यांत 30 दिवसांचाच होता. त्यांच्यावरच्या खर्चावरून त्यांनी घराच्या एकूण खर्चाचा अंदाज बांधला. ग्रामीण गरिबी सरकारी हिशेबाने 37 टक्क्यांवरून 27 वर आली होती. त्यांच्या हिशेबाने ती 30 च्या आसपास निघाली. घट खरी होती, पण सांगितली गेली त्याहून कमी. अर्थात या वस्तूंचा एकूण खर्चाशी असलेला मेळ सहा वर्षांत बदलला नाही, हे त्यात गृहीत धरावं लागलं. प्रश्न जसाच्या तसा ठेवला असता, तर हे गृहीतक लागलंच नसतं.

2004-05 मध्ये पाहणी 30 दिवसांच्या प्रश्नावर परतली. त्या हिशेबाने गरिबी 27.5 टक्के आली. ही 1999-2000 च्या 26 शेजारी ठेवली, तर गरिबी वाढल्यासारखी दिसते. तिची तुलना व्हायला हवी ती 1993-94 च्या 36 टक्क्यांशी.