चौकातल्या सिग्नलचे सेकंद कसे ठरतात?

चार रस्ते जिथे मिळतात, त्या चौकात वाहनांच्या बारा वेगवेगळ्या चाली असतात. प्रत्येक रस्त्यावरून येणारा सरळ जातो, डावीकडे वळतो किंवा उजवीकडे वळतो. या बारा वाटा कागदावर काढल्या की एकमेकींना छेदणारे सोळा बिंदू सापडतात. त्यांतले चार बिंदू सरळ जाणाऱ्या वाहनांमुळेच पडतात. उरलेल्या बाराही बिंदूंवर उजवे वळण असते. भारतात डावीकडून वाहने चालतात, त्यामुळे उजवीकडे वळणाऱ्याला समोरून सरळ येणाऱ्याची आणि उजवीकडच्या रस्त्यावरून सरळ येणाऱ्याची अशा दोन वाटा ओलांडाव्या लागतात. शिवाय शेजारच्या दोन रस्त्यांवरून उजवीकडे वळणारी वाहनेही त्याच्या आड येतात. डावे वळण मात्र कोणाचीच वाट छेदत नाही. त्याचा संघर्ष होतो तो झेब्रा पट्ट्यावरच्या पादचाऱ्याशी.

सिग्नलचा आराखडा या नकाशापासून सुरू होतो. ज्या चाली एकमेकींना छेदत नाहीत, त्यांना एकाच वेळी हिरवा दिवा देता येतो. असा प्रत्येक गट म्हणजे एक टप्पा, आणि सगळे टप्पे एकदा पुरे झाले की सिग्नलचे एक चक्र पुरे होते. इथे एक गोष्ट सहज लक्षात येत नाही: समोरासमोरच्या रस्त्यांवरून उजवीकडे वळणारी वाहने एकमेकांना छेदत नाहीत. पूर्वेकडून आलेला उत्तरेला वळतो, पश्चिमेकडून आलेला दक्षिणेला, आणि दोघे चौकाच्या मध्याच्या दोन बाजूंनी निघून जातात. म्हणून या दोन वळणांचा मिळून एक टप्पा करता येतो.

उदाहरणासाठी एक चौक घेऊ. पूर्व-पश्चिम मोठा रस्ता आहे. त्यावर प्रत्येक बाजूने सरळ आणि डावीकडे जाण्यासाठी दोन लेन आणि उजव्या वळणासाठी वेगळी लेन आहे. उत्तर-दक्षिण रस्ता लहान, तिथे प्रत्येक बाजूने दोनच लेन. दिवा हिरवा असताना एका लेनमधून तासाला साधारण १,८०० कार निघू शकतात असे धरू. दुचाकी, रिक्षा आणि बस यांचीही ठरावीक प्रमाणात कारमध्ये गणती केलेली असते. गर्दीच्या वेळी पूर्वेकडून सरळ आणि डावीकडे जाणाऱ्या ९०० कार येतात. दोन लेनची क्षमता ३,६००, म्हणजे या चालीला तासातला पाव वेळ हिरवा हवा. तिचा भार ०.२५ झाला. पश्चिमेचा भार ०.२० आहे. उजव्या वळणाचा भार पूर्वेकडे ०.१० आणि पश्चिमेकडे ०.०८ येतो. उत्तरेचा भार ०.१५, दक्षिणेचा ०.१२.

आपल्याकडे पुष्कळ चौकांत प्रत्येक रस्ता स्वतंत्रपणे सोडतात. पोलिसांना आणि वाहनचालकांना ते समजायला सोपे जाते आणि समोरचे कोणी आडवे येत नाही. पण त्याची किंमत मोजावी लागते. दर टप्पा बदलताना काही सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. पहिली गाडी हलायला वेळ घेते, पिवळ्याचा शेवटचा क्षण वाया जातो, आणि चौक रिकामा व्हावा म्हणून सगळीकडे लाल ठेवावा लागतो. थांबरेषेपासून शेवटच्या छेदबिंदूपर्यंत २० मीटर अंतर असेल आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने जात असेल, तर तेवढ्यासाठीच दोन सेकंद लागतात. एका टप्प्यामागे असे पाच सेकंद वाया जातात असे धरू.

चक्र किती लांबीचे असावे यासाठी एफ. व्ही. वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरात आहे. सर्व वाहनांचा मिळून थांबण्याचा वेळ कमीत कमी राहील अशी लांबी त्यातून मिळते:

```
C = (1.5L + 5) / (1 − Y)
```

C म्हणजे चक्राचे सेकंद, L म्हणजे चक्रात वाया जाणारा एकूण वेळ. Y काढताना प्रत्येक टप्प्यातल्या सर्वांत जड चालीचा भार घेतात आणि त्यांची बेरीज करतात. चारही रस्ते वेगळे सोडले तर Y होतो ०.७२ आणि L २० सेकंद. चक्र १२५ सेकंदांचे येते.

आता त्याच वाहनांसाठी तीन टप्पे करू. पहिल्यात पूर्व-पश्चिम सरळ, दुसऱ्यात त्याच रस्त्याची दोन्ही उजवी वळणे, तिसऱ्यात उत्तर-दक्षिण एकत्र. तिसऱ्या टप्प्यात उजवीकडे वळणाऱ्यांना समोरच्या वाहनांतली फट शोधावी लागते. ही वळणे थोडी असतील तोवरच हे चालते. आता Y ०.५० आणि L १५, म्हणून चक्र ५५ सेकंदांचे. एकही लेन न वाढवता चक्र निम्म्याहून कमी झाले, ते केवळ टप्पे वेगळे बांधल्यामुळे. सेकंदांची ओढाताण करण्याआधी टप्पे तपासावेत, ते यासाठी.

५५ मधले १५ वजा जाता ४० सेकंद उरतात. ते भाराच्या प्रमाणात वाटले की पहिल्या टप्प्याला २०, दुसऱ्याला ८ आणि तिसऱ्याला १२ सेकंद हिरवा मिळतो. हिशेब जमला असे वाटते, पण पादचारी अजून मोजलेला नाही. मोठा रस्ता तो तिसऱ्या टप्प्यात, उत्तर-दक्षिण वाहनांच्या बरोबरीने ओलांडतो. रस्ता १८ मीटर रुंद आणि चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर १५ सेकंद चालायलाच लागतात. दिवा पाहून पाऊल उचलायला आणखी सातेक. म्हणजे २२ सेकंद हवेत, आणि हाती आहेत १२. अशा वेळी पादचाऱ्याचा आकडाच मानावा लागतो, कारण रस्त्याच्या मधोमध अडकलेल्या माणसाला मागेही जाता येत नाही आणि पुढेही.

तिसरा टप्पा २२ सेकंदांचा केला की चक्र ६५ सेकंदांचे होते. मोठ्या रस्त्याला त्याने फटका बसतो का? तासाला सुमारे ५५ चक्रे, प्रत्येकात २० सेकंद हिरवा, आणि दोन लेनमधून मिळून सेकंदाला एक कार. सुमारे १,१०० कार निघू शकतात आणि येतात ९००. पुरेसे आहे.

टप्प्यांच्या आकृतीत हे सारे आडव्या पट्ट्यांनी दाखवतात. वर शून्यापासून ६५ पर्यंत सेकंदांची मोजपट्टी आणि खाली प्रत्येक चालीची एक ओळ. पूर्व-पश्चिम सरळच्या ओळीत ० ते २० हिरवा, २३ पर्यंत पिवळा, पुढे लाल. २३ ते २५ या दोन सेकंदांत सगळ्याच ओळी लाल. उजव्या वळणाचा हिरवा २५ ते ३३, उत्तर-दक्षिणेचा ३८ ते ६०. कोणत्याही सेकंदावर उभी रेघ ओढली आणि ती एकमेकांना छेदणाऱ्या दोन चालींच्या हिरव्या पट्ट्यांतून गेली, तर ते आधी आखणाऱ्याने जाणूनबुजून पत्करलेले असावे लागते, जसे तिसऱ्या टप्प्यातले उजवे वळण. तसे नसेल तर आकृती चुकली. सिग्नलच्या नियंत्रक पेटीतही अशा निषिद्ध जोड्यांची यादी भरलेली असते. बिघाडामुळे तशी जोडी एकदम हिरवी होऊ लागली, तर पेटी नेहमीचा क्रम सोडून पिवळे दिवे उघडझाप करू लागते.

या हिशेबाला मर्यादा आहेत. Y एकाच्या जवळ गेला की सूत्र हजारो सेकंदांचे उत्तर देते. त्याचा अर्थ इतकाच की तेवढी वाहने त्या रस्त्यांवर मावत नाहीत आणि सेकंद बदलून काही होणार नाही. लेनची शिस्त नसेल किंवा थांबरेषेजवळ रिक्षा उभ्या असतील, तर १,८०० हा आकडाच खोटा ठरतो. तो त्या चौकात उभे राहून मोजावा लागतो. वेळ चुकली आहे का, हेही तिथेच दिसते. हिरवा संपताना त्याच रांगेतली वाहने दर चक्रात मागे उरत असतील, तर त्या टप्प्याला वेळ कमी पडतो. उजव्या वळणाची रांग आपली लेन भरून शेजारच्या लेनमध्ये आली असेल, तर सरळ जाणाऱ्यांचा हिरवाही वाया जातो. आणि दिवा हिरवा असून गाड्या हलतच नसतील, तर दोष बहुधा पुढच्या चौकाचा असतो.