फळी पुढे ओढली, दंडगोल कुठे गेला?

टेबलावर बारीक चाकांची एक फळी आहे. फळीवर एक भरीव लाकडी दंडगोल आडवा ठेवला आहे, असा की तो फळीच्या लांबीच्या दिशेने घरंगळू शकेल. आता फळी पुढे ओढली. दंडगोल कोणत्या दिशेला जाईल?

बहुतेक जण ‘मागे’ म्हणतात. फळीवर बसलेल्या मुंगीला तसे दिसेलही. पण टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दंडगोल पुढेच जाताना दिसतो, फक्त फळीपेक्षा हळू. फळी त्याच्याखालून पुढे निघून जाते, म्हणून तो तिच्या मागच्या टोकाकडे जातो.

गोंधळ होतो तो घर्षणाच्या दिशेवरून. ‘घर्षण गतीला विरोध करते’ हे शाळेतले वाक्य अर्धवट आहे. घर्षण विरोध करते ते एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या घसरण्याला. त्यामुळे दिशा ठरवायची असेल तर क्षणभर घर्षण नाहीच असे समजावे आणि काय घसरले असते ते पाहावे. घर्षण नसते तर दंडगोल जागच्या जागी राहिला असता आणि फळी त्याच्या तळाखालून पुढे सटकली असती. हे सटकणे रोखायचे तर दंडगोलाला पुढे आणि फळीला मागे ढकलले पाहिजे. घर्षण नेमके तेच करते. शिवाय दंडगोलावर आडवे बल म्हणजे हे घर्षणच, दुसरे काही नाही. मग तो मागे जाणार कोणाच्या जोरावर?

हे बल तळाशी लागते, म्हणून ते दंडगोलाला ढकलते तसे फिरवतेही. तळ पुढे आणि माथा मागे, असे ते फिरणे असते. पुढे जाणाऱ्या सायकलच्या चाकाच्या अगदी उलट. भरीव दंडगोलाचे गणित असे आहे की फिरण्यामुळे कडेला मिळणारे त्वरण हे मध्याच्या त्वरणाच्या दुप्पट असते. तळाशी ही दोन्ही एकाच दिशेने असल्यामुळे त्यांची बेरीज होते, एक वाटा अधिक दोन वाटे. दंडगोल घसरत नसेल तर तळाचे त्वरण फळीइतकेच असायला हवे. म्हणजे तीन वाटे मिळून फळीचे त्वरण, आणि मध्याला त्यातला एक तृतीयांश.

विद्यार्थी अडतात ते इथे. मध्याचे त्वरण आणि फिरण्यामुळे कडेला मिळणारे त्वरण समान असते, हा स्थिर जमिनीचा नियम ते सवयीने सरकत्या फळीलाही लावतात. तसे केले की एक समीकरण घर्षणाची एक किंमत देते आणि दुसरे तिच्या निम्मी. दोन्ही खरी ठरायची तर घर्षण शून्यच असावे लागते. उत्तर शून्य आले की नियम जमिनीचा लावला, हे ओळखावे.

आकडे घालून पाहू. फळी २ किलोची, दंडगोल ३ किलोचा, ओढ ६ न्यूटन. दंडगोलाला फळीच्या एक तृतीयांश त्वरण मिळते, म्हणून फळीला तो ३ ऐवजी १ किलोइतकाच जड वाटतो. ६ न्यूटन भागिले ३ किलो, म्हणजे फळीचे त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि दंडगोलाचे सुमारे ०.६७. घर्षण २ न्यूटन. ताळा करू: फळीवर ६ उणे २, म्हणजे ४ न्यूटन उरतात, आणि २ किलोला २ चे त्वरण द्यायला तेवढेच लागतात. जमले. इरोडोव्ह यांच्या प्रसिद्ध गणितसंग्रहात असेच एक उदाहरण आहे, पण तिथे फळीवर भरीव गोल आहे. त्याच्यासाठी एक तृतीयांशाच्या जागी दोन सप्तमांश येते.

फळी फार जोरात खेचली तर मात्र घर्षण कमी पडते आणि दंडगोल घसरतो. घर्षणांक ०.३ असेल तर ही मर्यादा गुरुत्वत्वरणाच्या ०.९ पट येते. त्याच फळीवरची चौकोनी पेटी ०.३ पटीलाच घसरू लागते, कारण तिला फळीचे पूर्ण त्वरण घ्यावे लागते. मर्यादेपलीकडे एक तृतीयांशाचा हिशेब लागू होत नाही. घर्षणाची दिशा मात्र तीच राहते.

यातली सर्वांत गमतीची गोष्ट घरी करून पाहता येते. साध्या टेबलावर कागद पसरा, त्यावर पेन्सिल सेल आडवा ठेवा आणि कागद पूर्ण निघेपर्यंत ओढा. सेल थोडा पुढे येतो, टेबलावर उतरतो, किंचित घसरतो आणि थांबतो. पुढे घरंगळत जात नाही, मागेही येत नाही. कारण कागदाने त्याला जितका पुढचा वेग दिला, त्याच हिशेबात उलटे फिरणेही दिले. टेबलाचे घर्षण आता मागे ओढते, आणि वेग व फिरणे दोन्ही एकाच क्षणी संपवते. कागद हळू ओढा की झटक्याने, सेल भरीव असो वा त्याच्या जागी पोकळ नळी, शेवट हाच होतो.