दुःखाच्या दारात काय बोलावं?

तेरवी झाली की अंगणातला मांडव निघतो, सतरंज्या ज्याच्या त्याच्या घरी जातात आणि पाहुण्यांची शेवटची गाडी फाट्याकडे वळते. घरात उरते ती बाई, तिची लेकरं आणि तेरा दिवस कानावर पडलेली वाक्यं. ही वाक्यं वाईट हेतूनं कोणीच बोललेलं नसतं, तरी त्यातली बरीचशी महिनोन्‌महिने टोचत राहतात.

यवतमाळ जिल्ह्याला हा प्रसंग नवा नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते आणि 2017 पासून त्या दिवशी ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी अंगणांत शेजारी, सोयरे आणि मैत्रिणी काय बोलावं हे न सुचून बसून राहिल्या आहेत.

राळेगाव तालुक्यातल्या अशा एका घराची कल्पना करू. चार एकर कोरडवाहू शेत, त्यात कपाशी आणि तूर. ऑक्टोबरात पहिली वेचणी तोंडावर असताना घरचा कर्ता माणूस गेला. पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या बायकोनं जे ऐकलं ते साधारण असं होतं: “देवाच्या मर्जीपुढे कोनाचं चालते?” “लेकरांकडे पाहून मन घट्ट कर.” “त्यानं लेकरांचा तरी विचार करायचा होता.” “तुले काहीच कसं समजलं नाही वं?” आणि हलक्या आवाजात, “केस पात्र झाली का?”

यातलं चौथं वाक्य सगळ्यात खोल जातं. आत्महत्येनंतरचं दुःख इतर मृत्यूंच्या दुःखापेक्षा एका बाबतीत वेगळं असतं: मागे राहिलेला माणूस शेवटचा दिवस पुन्हा पुन्हा तपासत बसतो. सकाळी त्याने चहा अर्धाच का टाकला, शेताकडे जाताना मागे वळून का पाहिलं, आपण त्याला का थांबवलं नाही? ही उलटतपासणी ती स्वतःच रात्रभर करत असते. त्यात बाहेरूनही तपासणी होते. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात, जबाब घेतात. मग तलाठी येतो आणि तहसीलदारांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. एक लाखाची मदत मिळायची तर कर्ज कोणाचं, किती थकलं, वसुलीचा तगादा होता का, हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे ‘का?’ या प्रश्नाचं सरकारला मान्य होईल असं उत्तर तिलाच द्यावं लागतं. प्रकरण अपात्र ठरलं तर गावात कुजबुज सुरू होते, की मग कर्जामुळे नव्हतंच, घरातलंच काहीतरी असेल. एवढ्या सगळ्यांनी विचारलेला प्रश्न मैत्रिणीनं पुन्हा विचारला, तर तीही पंचनाम्याला आलेल्यांच्या रांगेत उभी राहते.

सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक इथे कळतो. मराठीची एक गंमत अशी, की ‘सहानुभूती’ या शब्दाचा मूळ अर्थ बरोबरीनं अनुभवणं असाच होतो. पण वापरून वापरून तो शब्द निवडणुकीच्या लाटेपर्यंत आणि ‘बिचारी’पर्यंत पोचला. आज सहानुभूती म्हणजे काठावरून पाहिलेलं दुःख. समानुभूती म्हणजे त्या माणसाच्या जागेवरून ते दुःख कसं दिसत असेल हे समजून घेण्याचा प्रयत्न. यातला ‘प्रयत्न’ हा शब्द सोडून चालत नाही.

तो का, हे 2004 साली लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगातून दिसतं. टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जोडप्यांतल्या स्त्रियांच्या मेंदूचं चित्रण केलं. कधी त्या स्त्रीच्या हाताला विजेचा वेदनादायक झटका दिला, तर कधी शेजारी बसलेल्या जोडीदाराच्या हाताला. जोडीदाराला झटका बसतो आहे एवढं कळताच स्त्रीच्या मेंदूतले वेदनेच्या ‘नकोसेपणा’शी जोडलेले भाग जागे झाले. पण वेदना नेमकी कुठे आणि कशी होते आहे हे नोंदवणारे भाग शांतच राहिले. दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागतं ते असं अर्धं. म्हणून “तुझं दुःख मला समजतं” हे वाक्य ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, आणि ते काही अंशी खोटं असतंच. “तुझ्यावर काय गुजरत असेल ते मला पुरतं कळणार नाही” हे वाक्य अधिक खरं आहे, आणि त्यापुढे ती बोलू शकते.

मग सगळे तीच चुकीची वाक्यं का बोलतात? अज्ञानामुळे, असं सहज म्हणता येईल. पण 1986 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅरिन लेहमन, जॉन एलार्ड आणि कॅमिल वॉर्टमन यांना वेगळंच आढळलं. त्यांनी रस्ते अपघातात जोडीदार किंवा मूल गमावलेल्या लोकांना विचारलं, की कशाचा आधार वाटला आणि कशाचा त्रास झाला? सल्ले देणं आणि ‘लवकर सावर’ म्हणणं याचा त्रास झाला. मनातलं बोलू देणं आणि असंच दुःख पाहिलेल्या माणसाची भेट यांचा आधार वाटला. मग त्यांनी असं दुःख न भोगलेल्या लोकांना विचारलं, की तुम्ही अशा माणसाला भेटलात तर काय बोलाल? त्यांची उत्तरं बहुतेक बरोबर होती! माहिती सगळ्यांना असते. प्रत्यक्ष समोर बसल्यावर मात्र भीती वाटते, शांतता सहन होत नाही, आणि ती भरून काढायला तोंडाला येईल ते ठरीव वाक्य बाहेर पडतं. ‘देवाची मर्जी’ हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या घाबरलेल्या मनाचं सांत्वन करतं.

त्या घरी पंधराव्या दिवशी तिची माहेरची मैत्रीण येते. ती आल्या आल्या म्हणते, “मले तं काही सुचूनच नाही राह्यलं, काय बोलू तुले. पण आज मी इथंच आहो.” मग ती चहा ठेवते आणि बराच वेळ दोघी गप्प बसतात. संध्याकाळी ती म्हणते, “भाऊजी पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवता रंगवता सारा सदरा रंगवून घ्याचे, नाही का?” ती बाई पहिल्यांदा हसते, आणि हसता हसता तिला हुंदका येतो. मैत्रीण तिला “रडू नको” म्हणत नाही.

घरातला दुसरा कोणी इथे मैत्रिणीवर रागावेल, की आठवण काढून तिला रडवलं. पण ती विसरली कधी होती? तेरा दिवसांत माणसाचं ‘प्रकरण’ झालं होतं. मैत्रिणीनं त्याला पुन्हा बैल रंगवणारा माणूस केलं. आत्महत्येनं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला लोक बिचकतात, म्हणून त्याच्याविषयीची एक खरी, लहानशी आठवण इथे शंभर विशेषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी ती बाई म्हणते, “मीच त्याईले थांबवाले पाहिजे होतं.” झटकन “तुझा काही दोष नाही” असं म्हणायचा मोह इथे होतो. वाक्य खरं आहे, पण घाईनं आलं तर दार बंद करतं. अपराधाची भावना मग ती मनातच ठेवते. मैत्रीण विचारते, “त्या दिवसाचं काय आठवते तुले?” आणि ऐकून घेते. हा ‘का’ नव्हे, तर बोलण्याची मोकळीक आहे, आणि तीही विषय त्या बाईनंच काढल्यावर. सगळं सांगून झाल्यावर “तेव्हा तुले जेवढं माहीत होतं तेवढंच तू करू शकत होती” हे म्हटलेलं पोचतं.

समानुभूतीचीही एक वाट चुकते. आलेली बाई स्वतःच इतकी रडते, की घरच्या बाईलाच तिला पाणी द्यावं लागतं. किंवा “माझा भाऊ असाच गेला” म्हणून सुरुवात होते आणि तासभर भावाचीच गोष्ट चालते. तसंच दुःख पाहिलेली माणसं खूप मोठा आधार देतात, पण ती आपली गोष्ट विचारल्यावर सांगतात म्हणून. आणि “काही लागलं तर सांग” यात मदत मागण्याचं कामही तिच्यावरच पडतं. त्या मैत्रिणीनं म्हटलं, “सोमवारी तहसीलात जायचं आहे नं? आपण दोघी मिळून जाऊ.” सातबारावर वारसाची नोंद, बँकेचे कागद, मृत्यूचा दाखला या खिडक्यांपुढे सोबत असण्याला शब्द कमी लागतात.

शब्दांची मर्यादाही माहीत हवी. रडणं, झोप उडणं, जेवण न जाणं हे पहिल्या आठवड्यांत अपेक्षितच आहे. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडून बसलं असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो लांबलेल्या शोकाचा विकार धरतात आणि त्यावर उपचार आहेत. “मीही त्यांच्या मागं जावं” असं मात्र ती कधीही म्हणाली, तर थांबू नये. “जीव द्यायचा विचार येतो का?” असं सरळ विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नये, घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी बाहेर हलवावीत, आणि तिला जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावं. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

गर्दी असते पहिल्या तेरा दिवसांत; गरज नंतर वाढते. पहिली वेचणी मजुरांना पैसे देताना, पहिली दिवाळी, आणि सगळ्यात कठीण पहिला पोळा, जेव्हा गावभर बैल सजतात आणि हिच्या दारात शिंगं रंगवायला कोणी नसतं. त्या आधी येतो जून. मृगाचा पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. “कशी आहेस” असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, “आज कसा गेला दिवस?” आणि थोड्या वेळानं, “कपाशीत तुरीच्या किती ओळी टाकतं यंदा?”

पलीकडून उत्तर यायला वेळ लागला. मग ती बाई हिशेब सांगू लागली.