दोन तास की तीन? विमानतळावर पोचण्याचे गणित

देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर पोचावे, अशी सूचना बहुतेक विमान कंपन्या देतात. हे तास तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजलेले असतात. प्रवाशाचा खरा संबंध मात्र त्याआधीच्या दोन वेळांशी येतो. पहिली वेळ चेक-इन काउंटर बंद होण्याची. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांसाठी ती बहुधा सुटण्याआधी 60 मिनिटे असते, तर परदेशी उड्डाणांसाठी कंपनीनुसार 60 ते 75 मिनिटे, क्वचित त्याहूनही आधी. दुसरी वेळ बोर्डिंग गेट बंद होण्याची, म्हणजे साधारण 20 ते 25 मिनिटे आधीची. सातच्या विमानासाठी सहा वाजून पाच मिनिटांनी बॅग घेऊन काउंटरवर पोचलेला प्रवासी स्वतःच्या हिशेबाने पंचावन्न मिनिटे लवकर आलेला असतो. कंपनीच्या हिशेबाने त्याला उशीर झालेला असतो.

काउंटर इतका आधी बंद करण्याला कारण आहे. तिथे दिलेली बॅग पट्ट्यावरून क्ष-किरण तपासणीतून जाते. त्यात शंका आली तर प्रवाशाला बोलावून बॅग उघडली जाते. सामानात विसरलेली पॉवर बँक हे अशा बोलावण्याचे नेहमीचे कारण. परदेशातल्या नातेवाइकांसाठी नेलेले सुके खोबरेही अडते, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडते. तपासलेल्या बॅगा विमानाच्या पोटात चढतात, त्यांचे आणि प्रवाशांचे वजन धरून समतोलाचा तक्ता तयार होतो, आणि तो वैमानिकाच्या हाती पडल्याशिवाय विमान हलत नाही.

याच साखळीत आणखी एक नियम आहे: बॅग दिलेला प्रवासी विमानात चढला नाही, तर त्याची बॅग शोधून उतरवावी लागते. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने कोसळले आणि 329 जण दगावले. त्यातला बाँब ज्या बॅगेत होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्या घटनेनंतर बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवण्याचा नियम जगभर कडक झाला.

इथपर्यंतची वाट देशांतर्गत आणि परदेशी प्रवासात जवळपास सारखीच आहे. फरक पडतो तो कागदपत्रांमुळे आणि इमिग्रेशनमुळे.

देशांतर्गत प्रवासात दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो, पुढे सुरक्षा तपासणी होते आणि काम संपते. घरी वेब चेक-इन केलेल्या आणि फक्त हातातली बॅग असलेल्या प्रवाशाला काउंटरकडे फिरकावेही लागत नाही. डिजियात्रा ही चेहरा ओळखून आत सोडणारी सोय डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाली, ती याच प्रवाशांसाठी. परदेशी प्रवाशाला मात्र वेब चेक-इन करूनही अनेकदा काउंटरवर थांबावे लागते. पासपोर्टची मुदत पुरेशी आहे का, व्हिसा आहे का, वाटेत विमान बदलायचे त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, परतीचे तिकीट आहे का, हे सारे तिथला कर्मचारी पडताळतो. कंपनी हे सरकारच्या वतीने करत नाही, स्वतःच्या खिशासाठी करते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी पलीकडच्या देशाने परत पाठवला, तर त्याला माघारी आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून शंका आली की कर्मचारी वरिष्ठाला बोलावतो, आणि मागची रांग तिथेच थबकते.

त्यानंतर इमिग्रेशन. भारतातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची नोंद इथे होते. एका माणसाला एखाद-दोन मिनिटे पुरतात, पण एकाच सुमाराला तीन-चार मोठी विमाने सुटायची असली की रांग वाढत जाते. मुंबईत हे मध्यरात्रीनंतर हमखास दिसते. युरोपातल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना निर्बंध असल्याने तिथे सकाळी उतरायचे, तर इथून मध्यरात्रीनंतर निघावे लागते, आणि तीच वेळ सगळ्यांना हवी असते. वारंवार परदेशी जाणाऱ्यांसाठी आगाऊ नोंदणीवर चालणारी जलद इमिग्रेशनची सोय 2024 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईतही आली. पण तिने काउंटरवरचा वेळ वाचत नाही.

मुंबईहून पहाटे 2:30 ला लंडनला जाणारे विमान धरू. काउंटर 1:15 ला बंद होईल. रात्री 11:30 ला टर्मिनलच्या दारात उभा असलेला प्रवासी 11:45 ला बॅगेच्या रांगेत लागतो आणि साडेबाराला मोकळा होतो. इमिग्रेशनला पाऊण तास, सुरक्षेला वीस मिनिटे धरली, तर 1:35 ला तो गेटकडे निघतो. बोर्डिंग तेव्हा सुरू झालेले असते आणि गेट दोनच्या सुमारास बंद होणार असते. तीन तास आधी येऊनही हाती उरला जेमतेम अर्धा तास. हाच प्रवासी साडेबाराला आला असता, तर काउंटरवर त्याचा नंबर 1:15 च्या आसपास लागला असता. बॅग चार किलो जास्त भरली आणि जमिनीवर उघडून सामान इकडेतिकडे करावे लागले, की खेळ संपला.

सकाळी सातचे मुंबई–नागपूर विमान घेतले, तर पाचला आलेला प्रवासी दहा मिनिटांत आत, वीस मिनिटांत बॅग देऊन मोकळा आणि सहाच्या आत सुरक्षेपलीकडे असतो. बॅग नसेल तर साडेपाचलाही भागते. मात्र सकाळी पाच ते आठ ही देशांतर्गत विमानांची गर्दीची वेळ असल्याने त्याहून कमी अंतर ठेवण्यात अर्थ नाही.

दोन आणि तीन तास हे सरासरी दिवसासाठी ठरवलेले नाहीत. बरे चालले, तर परदेशी विमानाचे सोपस्कारही दीड तासात उरकतात. जास्तीचा वेळ वाईट दिवसासाठी असतो, आणि जितके टप्पे जास्त तितकी एखाद्या ठिकाणी अडकण्याची शक्यता जास्त. चुकीची किंमतही सारखी नसते. दिल्लीचे विमान चुकले, तर काही तासांत दुसरे मिळते, पैसे जातात एवढेच. लंडनचे चुकले, तर पुढचे बहुधा दुसऱ्या दिवशी, आणि पुढचे जोडविमान वेगळ्या तिकिटावर असेल तर तेही हातचे जाते.

तीन तासांत घरून विमानतळापर्यंतचा रस्ता धरलेला नसतो. पुण्याहून मुंबईला येणाऱ्याने खंडाळ्याच्या घाटातली कोंडी आणि शहरातली वाहतूक वेगळी मोजावी. कोणते टर्मिनल, हेही तिकिटावर पाहून निघावे, कारण मुंबईचे टी-1 आणि टी-2 एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत. फार आधी जाण्यानेही फारसे साधत नाही; बऱ्याच परदेशी कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या तीन-चार तास आधीच उघडतात.

तारीख मात्र दोनदा वाचावी. 16 तारखेला 00:40 वाजता सुटणाऱ्या विमानासाठी 15 तारखेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास विमानतळावर असायला हवे.