आधी घुसळा, मग पाणी घाला

लस्सी असो की ताक, घरात एक चूक नेहमी होते. दह्यात आधीच भरपूर पाणी ओततात आणि मग रवी फिरवतात. पातळ पाण्यात दह्याच्या गुठळ्या रवीपुढून नुसत्या सरकत राहतात, फुटत नाहीत. पेला तोंडाला लावला की जिभेवर कण येतात आणि थोड्या वेळाने वर पाणी, खाली साका दिसतो. घट्ट दही मात्र रवीला अडतं, म्हणून त्याची कवडी नीट मोडते. त्यामुळे आधी नुसतं दही एकजीव करायचं आणि पाणी नंतर थोडंथोडं घालायचं.

अर्धा किलो दही आहे असं धरू. सकाळी लागलेलं, गोडसर दही असेल तर निम्मं लस्सीला घ्यावं. पाव किलो दह्यात चार चहाचे चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घालून रवीने घुसळावं. साखर आधीच घातली की ती घुसळतानाच विरघळते, थंडगार लस्सीत मागाहून टाकली तर तळाशी राहते. दही सायीसारखं गुळगुळीत झालं की पाव वाटी थंड पाणी घालून पुन्हा घुसळावं. वर फेस धरला की वेलचीपूड घालावी. यात दोन लहान पेले होतात. चव बघताना एक ध्यानात ठेवावं, गारव्याने जिभेला गोडी कमी लागते. बर्फ घालणार असाल तर साखर किंचित जास्त हवी, आणि बर्फ वितळून पाणी वाढणार म्हणून वरचं पाणी कमी हवं.

खारी लस्सी याच दह्याची, पण साखरेऐवजी मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून, दह्याइतकंच पाणी घेऊन करतात. पंजाबातल्या खेड्यांत तर लोणी काढून उरलेल्या पातळ ताकालाही लस्सीच म्हणतात.

मिक्सरने काम लवकर होतं, पण तो थांबत थांबत, दोनतीनदाच फिरवावा. सलग फिरवला तर दही तापतं आणि सायीच्या दह्यातलं लोणी सुटून लस्सीवर पिवळसर कण तरंगतात. ताकासाठी हेच लोणी मुद्दाम काढलं जायचं. उन्हाळ्यात लोणी मऊ पडून गोळा होत नाही म्हणून थंड पाणी, थंडीत ते कडक राहतं म्हणून कोमट पाणी घालायचं, ही घरोघरची रीत होती. लोणी निघाल्यावर उरतं ते खरं ताक. आज आपण बहुतेक वेळा दही पातळ करून त्यालाच ताक म्हणतो.

उरलेलं पाव किलो दही दुसऱ्या दिवशी जरा आंबट झालं की मठ्ठ्याला घ्यावं. लस्सीत खटकणारा आंबटपणा इथे हवाच असतो, कारण आता पाणी तिप्पट पडणार आहे. दही एकजीव करून तीन वाट्या थंड पाणी घालावं. अर्धा इंच आलं आणि एक हिरवी मिरची मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचावी, म्हणजे मीठ त्यांचा रस ओढून घेतं. हा ठेचा ताकात मिसळून गाळून घ्यावा, आल्याचे धागे दाताखाली येत नाहीत. मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर हिंग, चिरलेली कोथिंबीर आणि अर्धा चमचा साखर. ही साखर गोडीसाठी नाही, आंबट आणि तिखट यांची धार बोथट करण्यासाठी आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबीबरोबर मठ्ठा असतो तो यासाठीच: पाकाची गोडी आंबट-खारट घोटाने आवरते.

मीठ एकदम पूर्ण घालू नये. निम्मं घालावं, दहा मिनिटांनी चव बघून उरलेलं घालावं, तेवढ्यात आलं-मिरची ताकात उतरलेली असते. मात्र आलं घातलेला मठ्ठा सकाळी करून रात्रीपर्यंत ठेवू नये, तो कडवट होतो. तास-दोन तासांत संपवावा. वर पाणी दिसलं तर तो नासला असं नाही, ढवळला की पुन्हा एक होतो.

दही फारच आंबट निघालं तर साखर वाढवत बसू नका. तासभर फडक्यात टांगा, आंबट पाणी गळून जाईल. मग थोडं थंड दूध घालून घुसळा आणि लगेच प्या. ज्या दह्याला तार सुटली आहे, ते मात्र लस्सीला घेऊ नका. घुसळून चिकटपणा जात नाही. त्या दह्याचं विरजणच बदलायला हवं.