मधुमेही मुलाच्या वर्गशिक्षकांना पालकांचे पत्र

टाइप 1 मधुमेहात मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. म्हणून ते दिवसातून अनेकदा टोचून द्यावे लागते. यातला किमान एक डोस बहुतेकदा शाळेत, डबा खाण्याआधी येतो. तो कसा द्यायचा आणि मुलाची साखर अचानक उतरली तर काय करायचे, हे वर्गशिक्षकांना लेखी कळवणे ही पालकांची जबाबदारी असते. पत्र एका पानाचे असावे, डॉक्टरांकडून तपासून घेतलेले असावे आणि वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही घाईत वाचता यावे.

पत्राच्या सुरुवातीला मुलाचे नाव, इयत्ता, वजन, आजाराचे नाव, आईवडिलांचे आणि डॉक्टरांचे फोन क्रमांक लिहावेत. त्यानंतर औषधांचे वेळापत्रक यावे. सकाळचा आणि रात्रीचा डोस घरीच होतो, असे एका वाक्यात सांगून शाळेतल्या डोसाचा क्रम सविस्तर द्यावा. पाचवीत शिकणाऱ्या, 28 किलो वजनाच्या मुलीसाठी हा मजकूर असा असू शकतो :

“माननीय बाई, सप्रेम नमस्कार. मधल्या सुट्टीआधी 1 वाजून 20 मिनिटांनी ती ग्लुकोमीटरवर साखर तपासेल. आकडा 70 किंवा जास्त असेल, तर डॉक्टरांनी ठरवलेले 4 युनिट इन्सुलिन पेनने स्वतः घेईल. पेनवरचा आकडा आपण एकदा पाहावा, ही विनंती. इन्सुलिन घेतल्यावर तिने पूर्ण डबा खाल्लाच पाहिजे. आकडा 70 पेक्षा कमी असेल, तर इन्सुलिन थांबवून आधी खालील उपाय करावा. डबा अर्धा राहिला, तर मला लगेच फोन करावा.”

हा 4 युनिटचा आकडा उदाहरणापुरता आहे. प्रत्येक मुलाचा डोस वेगळा असतो आणि वाढत्या वयात तो बदलतो. डोस बदलला की पत्रही बदलावे आणि जुनी प्रत परत घ्यावी.

पत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग साखर उतरण्याबद्दलचा असतो. डबा उरला, जेवायला उशीर झाला किंवा खेळाच्या तासाला नेहमीपेक्षा जास्त धावपळ झाली की असे होते. मुलाला घाम येतो, हात थरथरतात, भूक लागते. ते चिडचिडे होते, गप्प बसते किंवा विचारलेले त्याला समजत नाही. शिक्षकांना हे दुर्लक्ष किंवा हट्ट वाटू शकतो. म्हणून आपल्या मुलात आधी कोणते लक्षण दिसते, ते पालकांनी नेमके लिहावे.

उपाय क्रमाने लिहावेत. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात घालून लगेच द्यावी. घरीच मोजून बांधलेल्या पुड्या वर्गाच्या कपाटात ठेवल्या, तर शोधाशोध होत नाही. चॉकलेट देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा 70 च्या खालीच असेल, तर तेच पुन्हा द्यावे. साखर वर आल्यावर जेवणाला वेळ असेल, तर दोन बिस्किटे किंवा अर्धी पोळी द्यावी. तपासण्याचे यंत्र हाताशी नसेल, तरी लक्षणे दिसताच ग्लुकोज द्यावे. या अवस्थेत मुलाला एकटे कार्यालयात, स्वच्छतागृहात किंवा घरी पाठवू नये.

मूल बेशुद्ध झाले किंवा त्याला झटका आला, तर तोंडातून काहीही देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवावे, 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि मग पालकांना कळवावे. डॉक्टरांनी ग्लुकागॉन दिले असेल, तर ते कुठे ठेवले आहे आणि कोणाला द्यायला शिकवले आहे, हे पत्रात असावे. आणखी एक वाक्य ठळक लिहावे : ‘अशा वेळी इन्सुलिन कधीही देऊ नये.’ मधुमेहाचे औषध म्हणून घाबरून कोणी ते दिले, तर साखर आणखी उतरते आणि जीव धोक्यात येतो.

साखर फार वाढली, तर मुलाला सतत तहान आणि लघवी लागते. अशा वेळी पाणी पिऊ द्यावे, वर्गाबाहेर जाऊ द्यावे. उलट्या, पोटदुखी किंवा जोराचा श्वास दिसला, तर मात्र थांबू नये. पालकांना बोलावून मुलाला रुग्णालयात हलवावे.

पत्र दप्तरातून न पाठवता प्रत्यक्ष भेटून द्यावे आणि यंत्र, पेन व पुड्या दाखवाव्यात. एक प्रत वर्गशिक्षकांकडे, एक कार्यालयात आणि एक खेळाच्या शिक्षकांकडे असावी. वर्गशिक्षक रजेवर असताना ही जबाबदारी कोणाकडे राहील, त्यांचे नावही पत्रात लिहून घ्यावे.